स्थानिक क्रेडिट नाही, रेफरन्स नाहीत: ऑफर लेटर आणि बचतीच्या स्टेटमेंटवर भाड्याचं घर मिळतं का?

शुभंकर

नमस्कार मंडळी. नव्या देशात नोकरी लागली आहे, रुजू व्हायचं आहे पुढच्या महिन्याच्या 16 तारखेला. 1 तारखेपासून घर भाड्याने हवंय. प्रत्येक अर्जात दोन रकाने असे आहेत की तिथे लिहायला माझ्याकडे काहीच नाही: तिथला क्रेडिट स्कोअर आणि आधीच्या घरमालकाचा रेफरन्स. आत्तापर्यंत आईवडिलांच्या घरीच राहिलोय, त्यामुळे घरमालक असा कधी नव्हताच. हातात आहे ते कंपनीचं ऑफर लेटर आणि बँकेतली बचत.

देश मुद्दाम लिहीत नाही, पद्धत कळली तर इतरांनाही उपयोग होईल. आकडेही प्रमाणात देतो. घराचं भाडं 100 धरलं तर महिन्याचा ठरलेला पगार 330, कर वगैरे जाऊन हातात साधारण 250, आणि बचत 900. एवढ्यावर मालक तयार होतात का? की आधी काही महिने कुणाच्या तरी खोलीत काढून मगच अर्ज करावा?

निनाद77

अगदी सोपं आहे. सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो म्हणून सांगा, कुठलाही मालक नाही म्हणणार नाही. रोख पैशापुढे रेफरन्स कोण विचारतो? आणि इथला सिबिल स्कोअर 750 च्या वर असेल तर त्याची प्रिंट जोडा, चांगला स्कोअर कुठेही चांगलाच.

माधुरी जे

शुभंकर, क्रेडिट हिस्ट्री तयार करायची असेल तर गेल्या गेल्या बँकेत ठेव ठेवून त्यावर क्रेडिट कार्ड घ्या. मर्यादेच्या थोडाच भाग वापरा आणि बिल वेळेवर भरा. माझ्या भाचीने हेच केलं, वर्षभरात तिला गाडीचं कर्ज मिळालं.

शुभंकर

माधुरीताई, हे करणारच आहे, पण ते घरात राहायला गेल्यानंतरचं झालं. माझा प्रश्न त्याआधीचा आहे, पहिलं घरच मिळायचंय. निनाद, 900 मधून 600 आगाऊ दिले तर हाताशी फार थोडं उरतं हो.

रेवती_ल

मी भाड्याची घरं सांभाळणाऱ्या एजन्सीत अर्ज तपासण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, "स्कोअर वाईट" आणि "नोंदच नाही" या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं नाव टाकल्यावर ब्युरोकडून उत्तर येतं की अशी व्यक्ती आमच्याकडे नाही. समोर माणूस बसला असेल तर त्याला ते कळतं. पण मोठ्या कंपन्यांचे अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं, आणि स्कोअरचा रकाना रिकामा दिसला की अर्ज तिथेच बाजूला पडतो, तुमची कागदपत्रं कुणी उघडतही नाही. म्हणून अर्जाची फी भरण्याआधी एका ओळीत विचारा: "माझी इथे क्रेडिट नोंद नाही, ऑफर लेटर आणि बचतीवर तुम्ही अर्ज विचारात घेता का?" बऱ्याच मोठ्या कंपन्यांकडे नवागतांसाठी लेखी निकष असतात. नसतील तर तिथे फी घालवू नका. एकदोन घरांचे खाजगी मालक स्वतः निर्णय घेतात, तुमच्यासाठी तिथे जास्त वाव आहे.

आता निनाद यांच्या दोन्ही मुद्द्यांबद्दल. आगाऊ भाड्याची कल्पना काही ठिकाणी चालते, पण बऱ्याच ठिकाणी कायदाच आड येतो. इंग्लंडमध्ये 1 मे 2026 पासून करार होण्याआधी मालकाला आगाऊ भाडं घेताच येत नाही, आणि करार झाल्यावरही एका महिन्यापेक्षा जास्त मागता येत नाही. कॅनडात ओंटारिओ प्रांतात अनामत म्हणून जास्तीत जास्त एक महिन्याचं भाडं मागता येतं, तेही शेवटच्या महिन्याच्या भाड्यापोटी, मोडतोडीसाठी नाही. जर्मनीत अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी, आणि ती तीन समान हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. तेव्हा ज्या गावी जाणार तिथला नियम आधी वाचा. नियम पाळणारा मालक तुमची सहा महिन्यांची तयारी ऐकून गोंधळेल, आणि न पाळणारा खूश होऊन आणखी मागेल.

सिबिलबद्दल: तो आकडा तिथे तसाच लागू होत नाही. सिबिलचा स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो, अमेरिकेतला फिको 300 ते 850 मध्ये, आणि हिशोबाची रीतही वेगळी. तिथल्या एजन्सीला तो पडताळताही येत नाही. मात्र नुसत्या आकड्याऐवजी पूर्ण रिपोर्ट जोडलात तर त्यातला एक भाग कामाचा आहे. प्रत्येक कर्जाखाली महिन्यामहिन्याचे छोटे चौकोन असतात, हप्ता किती दिवस उशिरा भरला ते दाखवणारे. तुमचं शैक्षणिक कर्ज किंवा कार्ड असेल आणि सगळीकडे 000 असेल, तर त्या पानावर खूण करून द्या. वेळेवर पैसे भरण्याची सवय दाखवणारा हा तुमच्याकडचा एकमेव कागद ठरू शकतो.

निनाद77

कायद्याचं माहीत नव्हतं, चांगलं झालं सांगितलंत. पण आखाती देशांत माझ्या ओळखीतल्या लोकांनी वर्षाचे चेक आधीच देऊन घरं घेतली आहेत.

रेवती_ल

बरोबर, तिथे ती रूढ पद्धतच आहे. म्हणूनच म्हटलं, जागेचा नियम आधी बघा.

किरण_प

ऑफर लेटरबद्दल माझा अनुभव सांगतो. मालकीणबाई भल्या होत्या, पत्र बघून म्हणाल्या, "छान, मी कंपनीत फोन करून खात्री करते." पत्रावर सही करणाऱ्या मॅडमचा ईमेल होता, त्यावर त्यांनी विचारलं. उत्तर आलं की आम्ही कर्मचाऱ्यांची माहिती देत नाही, आमची पडताळणी एक बाहेरची संस्था करते. त्या संस्थेकडे माझं नावच नव्हतं, कारण मी अजून रुजूच झालो नव्हतो! मालकीणबाईंना वाटलं पत्र खोटं आहे. घर गेलं.

रेवती_ल

किरण, हे फार जणांचं होतं. रुजू होण्याआधीचा माणूस कंपनीच्या कुठल्याच यादीत नसतो. यावर उपाय एकच, घर शोधायला लागण्याआधी एचआरला लिहायचं: "घरमालक माझ्या नोकरीची खात्री करतील. रुजू होण्याची तारीख, पद आणि मूळ पगार सांगायला माझी संमती आहे. त्यांनी कुणाशी बोलावं?" जे नाव येईल ते मालकाला द्यायचं. शक्य असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरचा मुख्य फोन नंबरही द्या. हुशार मालक पत्रावरच्या नंबरला फोन करत नाही, तो स्वतः शोधून काढलेल्या नंबरला करतो.

पत्रात मालक काय वाचतो तेही सांगते. रुजू होण्याची तारीख, नोकरी कायम की मुदतीची, मूळ पगार किती, आणि "अधीन राहून" हे शब्द कुठे आहेत. "पार्श्वभूमी तपासणीच्या अधीन राहून" असं पत्र म्हणजे नोकरी अजून पक्की नाही असा अर्थ तो काढतो, आणि ते चूकही नाही. तपासणी पूर्ण झाली असेल तर एचआरकडून तसा दोन ओळींचा ईमेल घेऊन पत्राला जोडा. पगारात बोनस मिळवून मोठा आकडा लिहू नका, खात्री नसलेला बोनस कुणी धरत नाही. आपल्याकडच्या सीटीसीची सवय इथे नडते. आणि मुदतीचा व्हिसा असेल तर त्याची तारीख भाडेकराराच्या मुदतीपलीकडे जाते ना, ते बघून ठेवा, कारण मालक बघतोच.

शुभंकर

माझ्या पत्रात "तपासणीच्या अधीन" आहे खरं. तपासणी गेल्या आठवड्यात झाली, ईमेल मागवतो. 330 हा मूळ पगारच आहे, बोनस वेगळा. स्टेटमेंटचं कसं? बँकेने शिक्का मारून शिल्लक प्रमाणपत्र दिलंय, एका पानाचं.

रेवती_ल

प्रमाणपत्र त्या एका दिवसाचं चित्र आहे. काल कुणाकडून उसने घेऊन खात्यात टाकले आणि आज प्रमाणपत्र काढलं, असंही होऊ शकतं हे मालकाला माहीत असतं. म्हणून तीन महिन्यांचं स्टेटमेंट द्या, ज्यात पगार जमा होताना आणि शिल्लक हळूहळू वाढताना दिसते. त्यात नुकतीच एखादी मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली ते एका ओळीत सांगा, ठेव मोडली असेल तर मोडल्याची पावती जोडा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच हवं. वडिलांच्या खात्यातले पैसे तुमची बचत म्हणून धरले जात नाहीत. भविष्य निर्वाह निधीही नाही, कारण भाडं थकलं तर तो लगेच हातात येत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट, पण तिच्यात अर्ज अडकतात. आपल्या बँका स्टेटमेंटची पीडीएफ पासवर्ड लावून पाठवतात. समोरच्याला ती उघडत नाही, म्हणून लोक पासवर्ड काढायला ती पुन्हा प्रिंट करून नवी पीडीएफ बनवतात. त्यात बँकेची डिजिटल सही निघून जाते. काही एजन्सी फाइल तपासणारं सॉफ्टवेअर वापरतात, त्यात ती "बदललेली फाइल" म्हणून दिसते. मूळ फाइल तशीच पाठवा आणि पासवर्ड वेगळ्या ईमेलने द्या. खाते क्रमांक झाकायचा असेल तर फाइलमध्ये खाडाखोड नको. छापील प्रत घेऊन शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे काळ्या पेनने झाका, स्कॅन करा, आणि तसं केल्याचं कळवा.

मंदार_स

मला वाटतं पूर्ण शिल्लक दाखवूच नये. 900 दिसले की मालक भाडं वाढवून सांगेल किंवा जास्त अनामत मागेल. एका खात्यातले 400 दाखवावेत, तेवढे पुरे.

रेवती_ल

मंदार, यावर माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे, पण तुमची भीतीही समजते. शुभंकर यांचाच हिशोब मांडते, म्हणजे 400 का पुरत नाहीत ते दिसेल.

1 तारखेला घर घेतलं: पहिलं भाडं 100, अनामत 100 धरू. पहिल्या महिन्याचा जगण्याचा खर्च 80, गादी, भांडी, किरकोळ सामान 60. म्हणजे पहिल्याच महिन्यात 340 गेले. 16 तारखेला रुजू. आता एचआरला विचारायची गोष्ट: पगाराची यादी कोणत्या तारखेला बंद होते? ती 15 ला बंद होत असेल, तर या महिन्यात काहीच मिळणार नाही आणि पहिला पगार थेट पुढच्या महिन्याच्या शेवटी येईल. तोपर्यंत दुसरं भाडं 100 आणि खर्च 80. एकूण 520. पहिला पगार हातात पडेल त्या दिवशी 900 मधले 380 शिल्लक राहतात, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांचं भाडं.

400 दाखवले तर अनुभवी मालक हाच हिशोब मनात करतो आणि म्हणतो, पहिल्या महिन्यानंतर दुसरं भाडं द्यायलाही या माणसाकडे पुरेसे पैसे उरणार नाहीत. आणि तुम्ही हिशोब मांडून दिलात, तर पैसे किती आहेत यापेक्षा मधला काळ तुम्ही कसा काढणार हे त्याला दिसतं. सगळी खाती दाखवायची गरज नाही हे मात्र मान्य. जेवढ्याने मधला काळ आणि पुढचे तीन-चार महिने झाकले जातात तेवढी दाखवा.

मंदार_स

हिशोब पटला. तरी मालकापुढे सगळं उघडं टाकणं मला अजून जड जातं.

वसंतकाका

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझं एक घर भाड्याने दिलेलं असतं. ऑफर लेटर सांगतं की पुढे पैसे येतील. बँकेचं स्टेटमेंट सांगतं की आत्ता पैसे आहेत. पण रेफरन्स मागताना मला विचारायचं असतं ते तिसरंच: हा माणूस घर कसं ठेवतो, नळ गळायला लागला तर कळवतो का, रात्री दोनला शेजाऱ्यांचे फोन येतात का, जाताना किल्ली हातात देतो की गायब होतो? याचं उत्तर त्या दोन्ही कागदांत नाही. पगारदार, पैसेवाला माणूस घराची नासधूस करून गेल्याचं मी पाहिलंय.

तेव्हा शुभंकर, "रेफरन्सच्या ऐवजी" हे दोन कागद देतो असं म्हणू नका. पैशांच्या प्रश्नाला हे कागद, आणि वागण्याच्या प्रश्नाला दुसरं काहीतरी, असं द्या. तुम्ही कधी वसतिगृहात राहिलात का? कुणाच्या खोलीत दोनचार महिने?

शुभंकर

काका, कॉलेजची चार वर्षं वसतिगृहात होतो! आणि गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी दुसऱ्या शहरात पाच महिने एका घरात पेइंग गेस्ट होतो. त्याचा करार नव्हता म्हणून ते धरलंच नव्हतं. त्या आजींना भाडं दर महिन्याला यूपीआयने दिलंय.

वसंतकाका

मग तोच तुमचा रेफरन्स. आजींकडून चार ओळी लिहून घ्या: कधीपासून कधीपर्यंत, भाडं वेळेवर, खोली नीट सोडली. त्या इंग्रजीत लिहीत नसतील तर मराठीत लिहू देत, खाली भाषांतर जोडा. यूपीआयच्या त्या पाच नोंदी गेल्या वर्षीच्या स्टेटमेंटमध्ये असतीलच, ती पानंही काढून त्यावर खूण करा. मला असं कुणी दिलं तर मी ऑफर लेटरच्या आधी ते वाचीन.

रेवती_ल

काकांचा मुद्दा मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवा इतका महत्त्वाचा आहे. कागदपत्रांवर एक पानाचं पत्र ठेवा. मराठीत नमुना देते, तुम्ही तिथल्या भाषेत करा:

"मी अमुक तारखेला अमुक पदावर रुजू होत आहे. या देशात नवीन असल्याने माझी क्रेडिट नोंद नाही. मूळ पगार भाड्याच्या 3.3 पट आहे. पहिला पगार अमुक तारखेला येईल, तोपर्यंतची दोन भाडी, अनामत आणि खर्च बचतीतून भागतात, आणि त्यानंतरही साधारण चार महिन्यांचं भाडं शिल्लक राहतं. नोकरीची खात्री करण्यासाठी या व्यक्तीशी बोलावं, माझी संमती दिलेली आहे. आधीच्या घराचं पत्र सोबत आहे. व्हिडिओ कॉलवर भेटायला मी तयार आहे."

बास. कुटुंब, छंद, स्वभाव असलं काही नको. आणि 3.3 पट हे बहुतेक ठिकाणी चालतं, पण काही शहरांत मोजायची रीत वेगळी आहे. न्यूयॉर्कमध्ये वार्षिक पगार महिन्याच्या भाड्याच्या 40 पट हवा असं धरतात. तुमचे 330 गुणिले 12 म्हणजे 3960, म्हणजे 39.6 पट. तिथे असतात तर थोडक्यात हुकले असतात, आणि हमीदार मागितला असता.

किरण_प

हमीदार म्हणून इथले वडील चालतात का?

रेवती_ल

सहसा नाही. पैसे थकले तर ज्याच्यावर तिथल्या कोर्टात दावा लावता येईल असा, म्हणजे तिथेच राहणारा आणि कमावणारा माणूस लागतो. काही ठिकाणी फी घेऊन हमी देणाऱ्या संस्था असतात, पण त्या स्वीकारायच्या की नाही हे मालक ठरवतो. आधी त्याला विचारा, मगच फी भरा.

माधुरी जे

एक काळजी वाटते. पासपोर्ट, पगार, बँकेचं स्टेटमेंट, एवढं सगळं अनोळखी माणसाला ईमेलने पाठवायचं? भाचीच्या मैत्रिणीला एका जाहिरातवाल्याने घर न दाखवताच अनामत पाठवायला लावली होती. घर दुसऱ्याच कुणाचं निघालं.

रेवती_ल

माधुरीताई, अगदी योग्य वेळी लिहिलंत. देशाबाहेरून अर्ज करणाऱ्यांना असे लोक हेरतातच, कारण त्यांना घर जाऊन बघता येत नाही. क्रम असा ठेवा: आधी नुसतं पत्र, कागदपत्रं नाहीत. मग घर बघणं, स्वतः किंवा तिथल्या ओळखीच्या माणसाकडून, नाहीतर मालकाने चालू व्हिडिओ कॉलवर दार उघडून, नळ सोडून, खिडकीबाहेरचा रस्ता दाखवून. मग ऑफर लेटर आणि स्टेटमेंट, प्रत्येक पानावर "फक्त अमुक पत्त्याच्या भाडेअर्जासाठी" असं तारखेसह आडवं लिहून. हे पेनने छापील प्रतीवर, मूळ फाइल त्यांनी मागितली तरच. करारावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एक पैसाही नाही. घाई करणारा, भाडं बाजारापेक्षा स्वस्त सांगणारा, आणि "मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो" म्हणणारा मालक दिसला की तिथेच थांबा.

शुभंकर

सगळ्यांचे आभार. एचआरकडून तपासणी पूर्ण झाल्याचा ईमेल आला, पगाराची यादी खरोखरच 15 तारखेला बंद होते, म्हणजे रेवतीताईंचा हिशोब तंतोतंत लागू. आजींनी पत्र दिलं, मराठीतच, मी भाषांतर जोडलं. दोन मालकांशी बोलणं सुरू आहे. एक मोठी कंपनी आहे, त्यांनी लेखी कळवलं की नवागतांना ऑफर लेटर चालतं, पण पत्र 30 दिवसांपेक्षा जुनं नको. माझं दीड महिन्यापूर्वीचं आहे. दुसरे खाजगी मालक आहेत, त्यांना पत्र आवडलं, पण विचारतात की परिविक्षेचा काळ सहा महिने आहे, त्या काळात नोकरी गेली तर? याला काय उत्तर द्यावं?

रेवती_ल

पहिल्यासाठी एचआरकडून नव्या तारखेचं "नोकरी पक्की" पत्र मागा, ऑफर लेटर पुन्हा काढायची गरज नाही. दुसऱ्यांना खोटा दिलासा देऊ नका. नोकरी जाणारच नाही असं कुणालाच सांगता येत नाही. सांगा की पगार सुरू झाल्यावर दर महिन्याला हातात येणाऱ्या 250 मधून भाडं आणि खर्च जाऊन 70 उरतात, त्यामुळे 380 ची शिल्लक घटत नाही, वाढते. परिविक्षेच्या शेवटी ती सहा महिन्यांच्या भाड्याच्या वर जाते.

वसंतकाका

मी असतो तर सहा महिन्यांचा करार आणि पुढे वाढवायची सोय, असं सुचवलं असतं. दोघांनाही बरं.

मंदार_स

पण काका, सहा महिन्यांनी मालकाने भाडं वाढवलं तर? भाडेकरूसाठी वर्षाचा करारच सुरक्षित नाही का?

वसंतकाका

ते तिथे वाढीवर कायद्याची मर्यादा आहे की नाही त्यावर आहे. शुभंकर, करारावर सही करण्याआधी तेवढं बघून इथे लिहा.